पुढचे तीन मीटर आणि उरलेले तीन किलोमीटर

बोगद्याच्या अगदी टोकाला, जिथे खडक संपलेला नसतो, त्या जागेला तिथले सगळे ‘फेस’ म्हणतात. ड्रिलिंगचं जंबो यंत्र फेसला भिडतं आणि त्याचे लांब हात ठरलेल्या आराखड्याप्रमाणे भोकं पाडतात. भोकांत स्फोटकं भरली जातात, माणसं मागे येतात, सुरुंग उडतो. पंखे धूर ओढून काढेपर्यंत कुणी पुढे जात नाही. मग लोडर आणि डंपर येऊन फुटलेला दगड उचलतात. त्या दगडाला ‘मक’ म्हणतात, आणि एका फेरीचा बराचसा वेळ तो बाहेर नेण्यातच जातो. छताला लोंबकळणारे सुटे तुकडे पाडले जातात आणि त्यानंतर भूवैज्ञानिक पुढे येतो.

त्याच्या हातात होकायंत्र, हातोडी आणि एक छापील तक्ता असतो. खडक कोणता, भेगा किती आणि कोणत्या दिशेने, त्यांत माती भरली आहे का, पाणी झिरपतंय की धार लागली आहे, हे तो टिपतो आणि खडकाला एक वर्ग देतो. वर्ग चांगला निघाला तर काँक्रीटचा पातळ फवारा, म्हणजे शॉटक्रीट, आणि थोडे रॉक बोल्ट पुरतात. वाईट निघाला तर लोखंडी कमानी, जाळी, जाड शॉटक्रीट आणि जास्त बोल्ट लागतात. पुढच्या सुरुंगाने किती मीटर पुढे जायचं हेही तिथेच ठरतं. भक्कम खडकात तीन-चार मीटर, भुसभुशीत जागी कधी जेमतेम एक.

इतक्या मोठ्या कामाचा सर्वांत तपशीलवार निर्णय फेसपासून दोन पावलांवर उभं राहून होतो. मग चार वर्षांच्या कामाचं वेळापत्रक आधी कसं लिहायचं? लिहिल्याशिवाय पैसे मंजूर होत नाहीत. आणि पहिल्या दिवशीच शेवटच्या मीटरपर्यंत तारीखवार लिहून काढलं, तर त्या कागदावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

या पेचावर प्रकल्प व्यवस्थापनात जी पद्धत वापरतात तिला रोलिंग वेव्ह प्लॅनिंग म्हणतात. जवळचं काम बारकाईने लिहायचं आणि लांबचं ढोबळ ठेवायचं. काम पुढे सरकेल तसं ढोबळातलं थोडं थोडं उघडून बारीक करत जायचं. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की त्याला वेगळं नाव कशाला, असा प्रश्न पडावा. गंमत अशी की, जिथे ही पद्धत फसते तिथे ती बहुतेक वेळा या सोपेपणामुळेच फसते.

रोहतांगचा बोगदा हे याचं चांगलं उदाहरण आहे. हिमाचल प्रदेशात मनालीहून लाहौलकडे जाताना ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड लागते आणि ती हिवाळ्यात बर्फाने बंद होते. तिच्याखालून सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा काढायचं काम २०१० मध्ये सुरू झालं. काम सीमा रस्ते संघटनेचं, म्हणजे बीआरओचं, आणि कंत्राट ऑस्ट्रियाची स्ट्राबाग व मुंबईची अ‍ॅफकॉन्स यांचं. खोदाई न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग पद्धतीची होती. लाडिस्लाउस फॉन राबसेविच या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९६४ मध्ये ती या नावाने जगापुढे मांडली. आधार किती द्यायचा हे खडक उघडा पडल्यावर आणि तो किती सरकतो हे मोजून ठरवायचं, हा तिचा गाभा. थोडक्यात, नियोजनातली ही पद्धत इथे खोदाईच्या तंत्रातच मुरलेली आहे.

काम २०१५ पर्यंत संपेल असं धरलं होतं. मात्र दक्षिणेकडून खोदत जाताना सेरी नाला लागला. डोंगरावरून वाहणाऱ्या या ओढ्याखाली खडकाचा भ्रंश आहे. ५८७ मीटरच्या त्या पट्ट्यात खडकाऐवजी चुरा, गाळ आणि पाणी होतं. तो ओलांडायला जवळपास चार वर्षं लागली. दोन्ही बाजूंच्या तुकड्या एकमेकींना भेटल्या त्या १५ ऑक्टोबर २०१७ रोजी. वाहतुकीसाठी बोगदा खुला झाला ३ ऑक्टोबर २०२० ला, आणि तोवर त्याचं नाव ‘अटल बोगदा’ झालं होतं. एकूण लांबीत त्या पट्ट्याचा वाटा साडेसहा टक्के भरतो.

मराठी वाचकाला याची आठवण घराजवळही सापडेल. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. कठीण कातळातले बोगदे झाले, पण गोव्यातल्या पेडण्याच्या मऊ, पाणथळ मातीतल्या बोगद्याने सगळ्यांना तंगवलं. १९९० मध्ये सुरू झालेल्या कामाला पाच वर्षांचं उद्दिष्ट होतं. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी.

साडेसहा टक्के लांबी सगळं वेळापत्रक कशी उलटवते हे कळायला एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते सोपे घेतले आहेत, ते कुठल्याही खऱ्या बोगद्याचे नाहीत.

समजा, एका फेसवरून ३,००० मीटर खोदायचं आहे. चांगल्या खडकात दिवसाला ५ मीटर होतात, मध्यम खडकात ३ मीटर आणि वाईटात चार दिवसांत मिळून ३ मीटर. डोंगरावरून घेतलेल्या भोकांवरून आणि नकाशावरून भूवैज्ञानिकांचा अंदाज असा की निम्मा खडक चांगला, ४० टक्के मध्यम आणि १० टक्के वाईट निघेल. चांगल्या १,५०० मीटरना ३०० दिवस, मध्यम १,२०० मीटरना ४०० दिवस आणि वाईट ३०० मीटरनाही ४०० दिवस. एकूण १,१०० दिवस. दहा टक्के लांबी एक तृतीयांशाहून जास्त वेळ खाते.

आता वाईटाचं प्रमाण १० ऐवजी ५ टक्के निघालं आणि तितकं मध्यम वाढलं, तर काम ९५० दिवसांत होतं. १५ टक्के निघालं आणि मध्यम तितकं घटलं, तर १,२५०. म्हणून पहिल्या दिवशी प्रामाणिक उत्तर ‘साडेनऊशे ते साडेबाराशे दिवस’ एवढंच असू शकतं. तीनशे दिवसांचा हा फरक आळसातून येत नाही. डोंगराच्या पोटातलं त्या दिवशी जितकं ठाऊक आहे, तितकीच ती पट्टी रुंद असते.

या रुंद पट्टीच्या आत योजना तीन जाडींची असते. पुढच्या चार आठवड्यांचं काम फेरी-फेरीने लिहिलेलं असतं. कोणत्या पाळीत ड्रिलिंग, किती बोल्ट, शॉटक्रीटचं सिमेंट कुठल्या दिवशी येणार, जंबोची देखभाल कधी. त्यापुढच्या तीन-चार महिन्यांचं काम आठवड्यांत असतं: साधारण इतके मीटर, बहुधा या वर्गाचा खडक, एवढी माणसं. त्याच्याही पुढचं सगळं, उरलेली खोदाई, पक्कं काँक्रीटचं अस्तर, रस्ता, वीज, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, हे मोठ्या गठ्ठ्यांत असतं. प्रत्येक गठ्ठ्यावर पैसे आणि काळाची पट्टी लिहिलेली असते, पण आत कामांची यादी नसते. गठ्ठा रिकामा ठेवायचा नाही, हे मात्र महत्त्वाचं. त्यात काय येतं आणि काय येत नाही, त्याची जबाबदारी कुणाची आणि तो कधी उघडायचा, हे आधीच लिहिलेलं असावं लागतं. ‘पुढे बघू’ असं ज्याच्यावर लिहिलंय तो गठ्ठा म्हणजे योजना नव्हे.

चार आठवडेच का? याचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नये. फेसमधून पुढे ३०-४० मीटरचं तपासणीचं भोक मारलं की तेवढ्या अंतरात काय आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ड्रिलचा वेग अचानक वाढला की पुढे मऊ पट्टा, भोकातून पाणी आलं की ते किती दाबाचं, बाहेर आलेल्या चुऱ्याचा रंग बदलला की खडक बदलला. बारीक नियोजनाची लांबी या नजरेच्या लांबीशी जुळायला हवी. चांगल्या खडकात ४० मीटर आठवड्याभरात संपतात, म्हणून भोकं पुन्हा पुन्हा मारावी लागतात. वाईटात तेच ४० मीटर दोन महिने पुरतात आणि तिथे चार आठवड्यांचं वेळापत्रक खरोखर चार आठवडे टिकतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी योजना नवी करायची असा नियम काही कार्यालयांत असतो. सोयीचा आहे, पण खडकाला सोमवार माहीत नसतो.

हिशेबाकडे परत येऊ. पहिले ३०० मीटर त्याच प्रमाणात निघतील असं धरलं, तर ते ११० दिवसांत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात चांगला, मध्यम, वाईट असे १२०, १२० आणि ६० मीटर निघाले. २४, ४० आणि ८० मिळून १४४ दिवस लागले. चौतीस दिवस उशीर. बैठकीत पहिला प्रश्न येतो तो उशीर कसा भरून काढणार हा. तो प्रश्न चुकीचा नाही, पण दुय्यम आहे. खरा प्रश्न उरलेल्या २,७०० मीटरचा.

जुनं प्रमाण कायम धरलं तर उरलेल्याला ९९० दिवस लागतील आणि एकूण ११३४ होतील, म्हणजे पट्टीच्या आतच. पण पहिल्या ३०० मीटरने दाखवलेलं प्रमाण सगळ्या डोंगराचं असेल, तर उरलेल्याला १,२९६ दिवस लागतील आणि एकूण १,४४० होतील. दोन्हींत दहा महिन्यांचं अंतर. यातलं कोणतं खरं, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. तो वाईट पट्टा नकाशावर आधीच दाखवलेला भ्रंश होता आणि फक्त अपेक्षेपेक्षा रुंद निघाला, असं भूवैज्ञानिक म्हणाला, तर जुनं प्रमाण बहुतांशी टिकतं. फार तर उरलेल्या भ्रंशांची रुंदी वाढवून वरची मर्यादा थोडी सरकवायची. पट्टा नकाशावर नव्हताच, खडकाची जातच वेगळी निघाली, असं असेल तर जुना नकाशा आता पुरावा राहत नाही. मग पुन्हा वरून भोकं घ्यावी लागतात आणि वरिष्ठांना दहा महिन्यांची बातमी द्यावी लागते.

बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पायरी गाळली जाते. जवळची चार आठवड्यांची योजना दर महिन्याला चकाचक नवी होते, रंगीत तक्ते निघतात, पण लांबच्या गठ्ठ्यांवरचे आकडे पहिल्या दिवशीचेच राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. सहा महिन्यांपूर्वीची योजना आणि आजची योजना शेजारी ठेवायच्या. जवळचं सगळं बदललं आहे आणि शेवटच्या टप्प्याची तारीख तसूभरही हललेली नाही, तर तिथे लाट पुढे सरकत नाही, नुसती जागच्या जागी उसळते आहे. दुसरी खूण पट्टीच्या रुंदीची. काम निम्मं झालं तरी उरलेल्याची पट्टी पहिल्या दिवशीइतकीच रुंद असेल, तर इतक्या खोदाईतून कुणी काही शिकलं नाही. आणि पट्टीच कुठे दिसत नसेल, एकच तारीख दिसत असेल, तर ढोबळ अंदाज कुणीतरी भाषणात वापरून पक्का करून टाकला आहे असं समजावं.

ज्याला काम द्यायचं त्याच्याशी करार कसा केला, यावरही बरंच अवलंबून असतं. पूर्ण बोगदा एका ठरीव रकमेत दिला तर खडक वाईट निघाल्याचं ओझं कंत्राटदारावर पडतं. मग वाईट खडक निघाला आहे हे मान्य करवून घेण्यातच त्याची अर्धी ताकद जाते आणि पुढचं नियोजन वादात अडकतं. म्हणून या पद्धतीच्या बोगद्यांच्या करारात सहसा प्रत्येक खडकवर्गाचा मीटरमागे दर आधी ठरवून ठेवतात. कोणत्या वर्गाचे किती मीटर निघतील याचा अंदाज दिलेला असतो, पण पैसे प्रत्यक्षात निघालेल्या मीटरचे मिळतात. दर पक्के, मापं मात्र सैल. त्यामुळे फेसवर वर्ग ठरतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या भूवैज्ञानिकांनी एका कागदावर सही करायची असते, आणि ती सही त्याच पाळीत झाली नाही की शॉटक्रीटखाली पुरावाच झाकला जातो. फोटो काढून ठेवतात, तरी भांडणं होतातच.

याच जोडीला राखीव रक्कम असते. तिची चूक अशी होते की, ती सगळ्या कामांवर सारखी वाटली जाते आणि प्रत्येक विभाग आपला वाटा आपला म्हणून खर्चून मोकळा होतो. ती लांबच्या गठ्ठ्यांपाशी, म्हणजे जिथे अज्ञान आहे तिथे ठेवावी लागते. गठ्ठा उघडून कामं स्पष्ट झाली आणि पट्टी आकसली की जेवढी गरज उरली नाही तेवढी परत वरच्या खात्यात जायला हवी. परत जाते का? क्वचित.

लांबचं ते ढोबळ, हा नियम मात्र सगळ्या गोष्टींना लागू होत नाही. रोहतांगसारख्या लांब बोगद्यात वायुवीजनाचे प्रचंड पंखे, वीजपुरवठ्याची यंत्रणा आणि नियंत्रण कक्षाची साधनं लागतात, आणि ती बसवायची वेळ खोदाईनंतर येते. वेळापत्रकात ती शेवटच्या गठ्ठ्यात असतात. पण अशी यंत्रं मागणी नोंदवल्यावर बनतात आणि यायला महिनोन् महिने लागतात. पंख्यांचा आकार ठरल्याशिवाय त्यांच्यासाठी जागा किती सोडायची हे कळत नाही, आणि ती जागा तर खोदतानाच सोडावी लागते. म्हणून या लांबच्या कामातला एक धागा, म्हणजे पंख्यांची मापं, खोलीची रुंदी आणि मागणीची शेवटची तारीख, आजच बारीक लिहावा लागतो. बाकीचा गठ्ठा बंद राहिला तरी चालतो. ज्या योजनेत असे धागे बाहेर काढलेले नसतात तिथे बोगदा पूर्ण होतो आणि वर्षभर पंख्यांची वाट पाहत बसतो.

याच्या उलट, काही गोष्टी लांब असूनही अनिश्चित नसतात. रोहतांगचं उत्तर टोक लाहौलच्या बाजूला, तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे. बोगद्याआधी खिंड बंद झाली की तिथे माणूस, सिमेंट, डिझेल, सुटे भाग काहीच पोचत नसे. बोगदा आरपार होईपर्यंत त्या बाजूचं काम बर्फाच्या हिशेबानेच चाललं. खडक कसा निघेल हे पुढच्या मे महिन्याबद्दल कुणी सांगू शकत नव्हतं, पण खिंड हिवाळ्यात बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा ठिकाणी वेळापत्रकाचा कणा हवामानाचा असतो आणि खडकाची अनिश्चितता त्या कण्याभोवती गुंडाळावी लागते. खिंड उघडली की पहिल्या आठवड्यांत रस्ता साफ करून यंत्रं चालू करायची, हंगामात जितके मीटर निघतील तितके काढायचे, आणि खिंड बंद व्हायच्या आत फेस सुरक्षित करून ठेवायचा.

हा शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. अर्धवट आधार दिलेला फेस तसाच सोडून गेलं तर काही महिने त्याची मोजमापं घ्यायला कुणी नसतं. म्हणून हंगामाच्या अखेरीस अजून एक फेरी मारावी की थांबावं, हा निर्णय मीटरच्या लोभाने घ्यायचा नसतो. बोगद्याच्या भिंतींत खिळे ठोकून त्यांच्यामधलं अंतर रोज मोजलेलं असतं. ते अंतर मिलिमीटरांनी कमी होत जातं आणि आधार पुरेसा असेल तर त्याचा आलेख हळूहळू सपाट होतो. आलेख सपाट झाला नसेल तर नवा सुरुंग न लावता उरलेले दिवस बोल्ट आणि शॉटक्रीटवर घालवायचे, आणि बुडालेल्या त्या एका फेरीची नोंद पुढच्या हंगामाच्या गठ्ठ्यात करून ठेवायची.